बावीस किलो, एका हातात

धाटावच्या कंपनीत आपत्कालीन पथकाची चाचणी सोपी होती. आग विझवायच्या फेसाच्या द्रावणाचा एकेक डबा दोन्ही हातांत घ्यायचा आणि मध्ये खाली न ठेवता पन्नास मीटर चालायचं. वीस लिटरचा डबा, कडीसकट एकवीस किलो. प्रयोगशाळेतल्या ऋतुजाने तिसाव्या मीटरला डबे ठेवले. पाय शाबूत होते, बोटंच उघडली.

सुरक्षा अधिकारी धनेशने कागदावर खूण केली आणि सहा आठवड्यांनी पुन्हा यायला सांगितलं. पथकात अजून एकही बाई नव्हती. प्रयोगशाळेत काही सांडलं तर ऋतुजाला बाहेर काढून दारात तिघे पुरुष उभे राहत, आणि आत काय सांडलंय ते तिलाच विचारत. तिला ते एकदाचं संपवायचं होतं.

तिचं घर पेणला, रामवाडीत. दर आठवड्याला शिफ्ट बदलायची, त्यामुळे जिमची बायकांची वेळ काही जमेना. तिने रबरी पट्ट्यांचा संच आणि प्लेटा बदलता येणाऱ्या डंबेल्सची जोडी मागवली. दोन किलोचे दोन रॉड, अडीच किलोच्या आठ प्लेटा. सामान हातात आल्यावर तिने आधी मोजमापं घेतली. हिरवी पट्टी वजनकाट्याला अडकवून ओढली. दीडपट ताणली की सात किलो, दुप्पट ताणली की अकरा. म्हणजे खिडकीपासून किती लांब उभं राहायचं यावर वजन ठरणार. खिडकीचे गज हलवून पाहिले, पक्के होते.

आठवड्यातून तीन दिवस, शिफ्ट सुटल्यावर, ती पट्टी गजांना अडकवून पाठीसाठी ओढायची. पट्टीवर उभी राहून, टोकं खांद्यांशी धरून उठाबशा काढायची. डंबेल्स घेऊन कमरेतून वाकून सरळ व्हायची. बारा वेळा सहज झालं की पुढच्या खेपेला थोडं वाढवायचं, सगळं वहीत लिहायचं. डंबेल्स दोन्हीकडे सारखीच, बारा-बारा किलो. त्यापुढे प्लेटाच नव्हत्या.

तिच्या सासूबाई, धोंडुबाई, पडवीत बसून हे बघत. उभं आयुष्य मिठागरावर गेलेलं. सून खिडकीशी भांडते, असं त्यांनी शेजारणीला सांगून ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी ऋतुजाने दोन बादल्या भरून पडवीत चालून पाहिलं. चौथ्या फेरीला बोटं पुन्हा उघडली. लाद्या निसरड्या झाल्या त्या वेगळ्याच. धोंडुबाईंनी बादल्या बंद करायला लावल्या आणि विचारलं, "तुझ्या त्या लोखंडाचा वजन वाढत नाय काय?"

"संपल्या प्लेटा, आई. दोन्हीकडे चार-चारच आहेत."

"दोनीकडं सारखा कशाला लागतंय गो? मिठागरावर आम्ही गोड्या पाण्याचा हंडा एकाच कमरेवर घ्यायचो. अर्ध्या बांधावर कूस बदलायची. दुसरी बाजू रिकामी, म्हणून काय पडलो नाय."

ऋतुजाने वहीतले आकडे पुन्हा पाहिले. प्रयोगशाळेत तराजूची पारडी सारखी ठेवायची सवय, म्हणून जोडीही सारखी ठेवली होती. तिने एका डंबेलच्या चारही प्लेटा काढून दुसऱ्यावर चढवल्या. रॉडवर जागा होती. दोन्ही टोकांचे नट घट्ट केले. बावीस किलो. डब्यापेक्षा एक जास्त.

पहिल्या दिवशी ते घेऊन ती बाजूला झुकली. मग सतरावर आली, पाच दिवसांनी पुन्हा बावीसला. पडवी दहा मीटर. आधी दोन फेऱ्या, मग हात बदलून तेवढ्याच. खांदा वर उचलला जायला लागला की धोंडुबाई पानाचा डबा वाजवत, तेव्हा थांबायचं. पाचव्या आठवड्याच्या शेवटी प्रत्येक हाताने सहा फेऱ्या झाल्या. उठाबशा आणि पट्टी चालूच होत्या, कारण चाचणीत पायांना दोन्ही डबे एकदम उचलायचे होते. शेवटचे तीन दिवस तिने नुसती विश्रांती घेतली. घरात सगळ्यात अवघड तेवढंच गेलं.

चाचणीच्या दिवशी धनेश पन्नासच्या रेषेवर कागद घेऊन उभा होता. तिसाव्या मीटरला त्याने तिच्या बोटांकडे पाहिलं. ऋतुजाला दोन्ही बाजूंचा तोल एकदम मिळाला, आणि एका बाजूला ओढणाऱ्या बावीस किलोंपेक्षा हे चालणं तिला चक्क सोपं वाटलं. तिने रेषा ओलांडली आणि थांबली नाही.

"अहो मॅडम, झालं. ठेवा आता," धनेश मागून म्हणाला.

"परत स्टोअरलाच न्यायचेत ना?" ती म्हणाली. "दार उघडा."

धनेश कागद काखेत धरून तिच्यापुढे धावला.