उघडी राहिलेली एक जोडणी

भावोजींचं औषधांचं दुकान, आणि घरपोच सेवेचं छोटं ॲप माझं. पूर्वी ग्राहकाचं पान दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारायचं, "झालं का? झालं का?" माझं डोकं उठायचं. म्हणून काल रात्री मी ते बदललं. आता पान एकदाच जोडणी उघडतं आणि काही घडलं की सर्व्हर आपणहून कळवतो. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. मी स्वतःवर भलतीच खूश होते!

दुपारी तीनला दुकानामागच्या खोलीत बसून सर्व्हरवरच्या उघड्या जोडण्या बघितल्या, तर एक जोडणी सकाळी नऊपासून उघडीच होती. 'पोचलं' हा निरोप मिळाला की पान जोडणी आपणहून बंद करतं. ऑर्डर माझ्या मामांची होती, दम्याचा पंप. डिलिव्हरीवाल्याने साडेनऊला 'पोचलं' नोंदवलेलं.

"नोंदवलंय ना? मग सोड की," भावोजी म्हणाले.

मामा एकटे राहतात, आणि त्यांना अजिबात ऐकू येत नाही. घंटा नाही, फोन नाही. पिशवी दाराच्या कडीला लावतात. चार पावलं टाकली तरी त्यांना धाप लागते, म्हणून मीच बजावलं होतं, "टॅबलेटच्या पडद्यावर 'पोचलं' आल्याशिवाय उठायचं नाही हं, मामा!"

मी ग्राहक वापरतात त्या बाहेरच्या पत्त्यावरून ती जोडणी उघडून पाहिली. काहीच येईना. थेट सर्व्हरशी उघडली, तर निरोप लगेच आला. सर्व्हर आणि ग्राहकाच्या मधला प्रॉक्सी, म्हणजे निरोपांची ने-आण करणारा मध्यस्थ, ते पुढे धाडायचं सोडून साठवत बसला होता. माझ्या लॅपटॉपवर प्रॉक्सीच नव्हता. बाकीच्यांनी घंटा ऐकून पिशव्या घेतल्या आणि पान बंद केलं असणार, म्हणून कुणाची तक्रार आली नाही. शहाणी मी!

साठवण बंद करून मी प्रॉक्सी बंद केला आणि पुन्हा चालू केला. सगळ्या जोडण्या तुटल्या. तीन सेकंदांनी मामांचं पान पुन्हा जोडलं गेलं. तुटलेलं पान परत येताना आपल्याला मिळालेल्या शेवटच्या निरोपाचा क्रमांक सांगतं. याने काहीच सांगितलं नाही. सकाळपासून त्यांना एकही निरोप मिळाला नव्हता. सर्व्हरने 'पोचलं' पाठवलं आणि त्यांच्या ऑर्डरच्या उघड्या जोडण्यांचा आकडा एकवरून शून्यावर आला.

"बघ, वाचलं त्यांनी," भावोजी म्हणाले.

"पान बंद व्हायला माणूस लागत नाही, भावोजी."

त्यांनी गाडीची किल्ली उचलली. आम्ही थेट मामांच्या घरी गेलो. पिशवी कडीला तशीच लटकत होती. माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं. आत पंखा फिरत होता. मामा टेबलाशी बसलेले, दोन्ही हात टेबलाच्या कडेला घट्ट, तोंड टॅबलेटकडे. समोर हिरव्या अक्षरांत लखलखत होतं, 'पोचलं. पिशवी दाराशी आहे.'

मी त्यांच्या हाताला हात लावला. गार होता, आणि टेबलाच्या कडेवरून सहजासहजी सुटेना.

"मामा, आलं हो," मी म्हणाले, आणि मग मला रडू आवरेना. टेबलापासून दार सहा पावलांवर होतं, आणि त्यांनी माझं ऐकलं होतं.