राज्यघटनेचा तास कोण घेतं?

मॅग्डलीन घोन्साल्विसनं घरी एक थाप मारून ठेवली होती, आणि गेली तीन वर्षं ती थाप गुण्यागोविंदानं नांदत होती. थाप अशी, की आपण वसईच्या कॉलेजात प्रोफेसर आहोत. नेमणुकीच्या कागदावर ती इतिहास विभागाची ट्यूटर होती. कागद दरवर्षी जूनमध्ये नवा निघायचा आणि विभागप्रमुख प्राध्यापक सदावर्ते त्यावर सही करायचे. या वर्षीचा कागद अजून त्यांच्या खणातच होता. प्रवेशाच्या गडबडीत सही राहिली, असं ते म्हणत होते.

पण थाप म्हणावी तर तीही धड नव्हती. पहिल्या वर्षाचा राज्यघटनेचा पेपर टाइमटेबलात सदावर्त्यांच्या नावावर होता आणि शिकवत होती मॅग्डलीन. सदावर्त्यांच्या नोट्स इंग्रजांच्या पस्तीस सालच्या कायद्याच्या होत्या. देश प्रजासत्ताक होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्या वहीत गव्हर्नर जनरल ठाण मांडून बसला होता. नव्यानं वाचायचा त्यांना कंटाळा. पहिल्याच वर्षी ते म्हणाले, "मिस घोन्साल्विस, एवढा आठवडा तुम्ही घ्या." तो आठवडा अजून संपायचा होता.

सांडोरच्या बागेत केळी आणि वांगी पिकवणाऱ्या पास्कलला, म्हणजे तिच्या बापाला, या भानगडीचा पत्ता नव्हता. एप्रिलमध्ये मॅग्डलीनला मार्सेलचं स्थळ आलं. मुलगा कस्टम्समध्ये कारकून, घर चांगलं, फक्त त्याच्या आईला नोकरी करणारी सून नको होती. पास्कलनं तेव्हाच लेकीला सांगितलं, "प्रोफेसर हायस तर मी कोणाचं ऐकणार नाय. पन नुसती हजेरी मांडायची असेल, तर मंग संसार कर बाई." रविवारी चर्चमधली मिसा झाल्यावर मार्सेलच्या घरी उत्तर द्यायचं ठरलं होतं. आज गुरुवार होता. आणि आज नव्या विद्यार्थ्यांचा स्वागताचा दिवस, पालकांनाही आमंत्रण. धाकटी रोझी याच कॉलेजात आली होती, म्हणजे पास्कल येणार हे ठरलेलंच.

तो आला. लग्नाकार्याचा काळा कोट, डांबरगोळ्यांच्या वासासकट, आणि खिडकीजवळच्या बाकावर गुडघ्यांवर हात ठेवून बसला. रोझी पुढच्या रांगेत. मॅग्डलीन भिंतीशी उभी, हातात हजेरीपत्रक, टाइमटेबल आणि आपली वही. विभागाच्या ओळखीची यादी तिनंच टाइप केली होती, त्यामुळे सदावर्ते काय वाचणार ते तिला शब्दन्शब्द ठाऊक होतं. काल संध्याकाळी मशीनवर बसून आपल्या नावापुढं 'राज्यघटना शिकवतात' असे आणखी दोन शब्द घालावेत असं तिच्या मनात आलं होतं. बोटं कळांवर ठेवलीही होती. मग उचलली.

प्राचार्यांनी दोन शब्द बोलून सदावर्त्यांना पुढं केलं. सदावर्ते दिसायला भारदस्त, आवाज खर्जातला, आणि माणूस स्वतःच्या आवाजावर खूष. पालकांसाठी म्हणून ते मराठीत बोलले.

"हा इतिहास आणि राज्यकारभार विभाग. पहिल्या वर्षाला तुम्हांला आमचे दोन पेपर. जगाच्या इतिहासाची रूपरेषा शिकवतील प्राध्यापक हरिश्चंद्र राऊत." राऊत उभे राहिले, हात जोडले, बसले. गरीब माणूस. "भिंतीवरचे नकाशे यांच्याच ताब्यात असतात, हात लावायचा तर विचारून लावायचा. दुसरा पेपर भारताची राज्यघटना आणि कारभार. तो मी स्वतः शिकवतो. ग्रंथालयात आपलं वेगळं कपाट आहे, एका वेळी एक पुस्तक मिळेल. वीस-वीस जणांच्या तुकड्या करून आठवड्याला एक ट्यूटोरियल होईल, त्यात निबंध लिहायचा. हजेरी कमी पडली तर टर्म भरणार नाही, मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

पोरं हसली. मॅग्डलीनला वाटलं, झालं, आपलं नाव वाचायचं राहिलं.

"आणि ट्यूटोरियल, वह्या गोळा करणं, हजेरी, या कामात मदत करतात मिस घोन्साल्विस."

मदत करतात! तिनं मान लववली आणि खिडकीकडं बघायचं टाळलं. पण न बघताही तिला कळलं की बापाचे हात गुडघ्यांवरून उठले आहेत.

"काही शंका?" सदावर्त्यांनी विचारलं. ही विचारायची रीत असते, शंका कुणी काढायची नसते. रोझीला रीत माहीत नव्हती. ती ताडकन उठली.

"सर, राज्यघटनेचा तास वर्गात येऊन कोण घेतं?"

घरात एकट्या रोझीलाच सगळं ठाऊक होतं. बहिणीचा मान राखायला ती उठली होती वेडी, आणि फास आवळत होती.

"सांगितलं ना, मीच," सदावर्ते म्हणाले. "कोणत्या वारी असतो तो तास, मिस घोन्साल्विस?"

हे प्राचार्यांनी ऐकलं. प्राचार्य म्हातारे होते, पण बहिरे नव्हते. स्वतःच्या तासाचा वार दुसऱ्याला विचारणारा माणूस पाहून त्यांनी चष्मा काढला. "टाइमटेबल तुमच्याकडेच असतं ना, मिस घोन्साल्विस? मग तुम्हीच सांगा. या पेपरचे तास कोण घेतं?"

मॅग्डलीनला दोन्ही दारं स्वच्छ दिसत होती आणि दोन्हींना कुलूप होतं. "मी घेते" म्हणावं, तर खणातला तो कागद खणातच राहणार आणि सोमवारपासून घरी बसायचं. "सर घेतात" म्हणावं, तर खिडकीशी बसलेला बाप रविवारी होकार देऊन मोकळा. तिला रागानं रडू येत होतं. हा प्रश्न मला का? ज्याचं पाप त्याला विचारा की!

"सर घेतात," ती म्हणाली.

"छान," प्राचार्य म्हणाले. "मग उद्याची वाट कशाला? सदावर्ते, पहिला तास आत्ताच होऊन जाऊ दे. पालकांनाही पाहायला मिळेल."

सदावर्त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी खिसे चाचपले, जणू राज्यघटना कुठल्यातरी खिशात असेल. मग ते भिंतीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ती वही द्या जरा."

तिनं दिली. न देऊन काय करणार होती?

वहीला जाड तपकिरी कागदाचं कव्हर होतं. मे महिन्यात पास्कलनं मार्केटातून आलेल्या पुड्यांचा कागद पाण्याच्या हातानं सरळ केला होता आणि घरच्या खळीनं चिकटवून लेकीच्या वहीला घातला होता. वर कोपऱ्यात त्यानं आपल्या वाकड्या हातानं एक क्रूस काढला होता. सदावर्त्यांनी वही उघडून तोंडासमोर धरली तसा तो क्रूस सगळ्या वर्गापुढं आला.

सदावर्ते वाचू लागले. आवाज चांगला असल्यामुळं सुरुवात झोकात झाली. केंद्राच्या कामांची यादी वेगळी, राज्यांची वेगळी, आणि तिसरी यादी सामायिक, जिच्यावर दोघांनाही कायदे करता येतात. पोरं माना खाली घालून लिहीत होती. सदावर्त्यांना हुरूप आला. समासात मराठीत उदाहरणं होती, तीही त्यांनी वाचायला घेतली.

"उदाहरणार्थ, आपल्या सांडोरला या. वसई रोडला गाडी थांबते, ती रेल्वे केंद्राची. माझ्या वडिलांच्या बागेत विहीर आहे, पायरहाटाची, म्हणजे पायानं रहाट फिरवून पाणी काढायची. ते पाणी आणि ती जमीन हा राज्याचा विषय. आता समजा, त्या घरात मुलीचं लग्न ठरतंय. लग्नाचा कायदा सामायिक यादीत. म्हणजे दोन्ही सरकारं त्यात बोलू शकतात..." इथं समासात शाईनं आणखी काही लिहिलं होतं. त्यांनी तेही वाचलं. "फक्त मुलीला कुठल्याच यादीत जागा नाही. इथे मुलं हसतील, थांबावं."

मुलं हसली. पण सदावर्ते थांबले नाहीत, कारण आपण काय वाचलं हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सदावर्ते सदाशिव पेठेतले. त्यांच्या वडिलांची सांडोरला बाग असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. राऊत नकाशाकडं बघत राहिले. प्राचार्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मॅग्डलीन जमिनीकडं बघत होती. आपली वही, आपली विहीर, आपली एकटीची चेष्टा, सगळं त्या भारदस्त तोंडून बाहेर पडताना तिला चारचौघांत पदर ओढल्यासारखं झालं.

तास संपला. टाळ्याही पडल्या. सदावर्त्यांनी घाम पुसला, वही काखेत मारली आणि दाराकडं निघाले. दारात पास्कल उभा होता.

"साहेब, ती वही आमची हाय," तो अदबीनं म्हणाला.

"काय? ही विभागाची वही आहे."

"कव्हर मी घातलंय, साहेब. क्रूस पण मीच काढलाय. आणि विहीर पण माझीच हाय."

तो आवाज चढवून बोलला नव्हता. पण प्राचार्य मागंच उभे होते आणि पोरं दारात खोळंबली होती. सदावर्त्यांनी वही काखेतून काढली आणि दिली. मग मॅग्डलीनकडं असं पाहिलं की तिला खणातला कागद फाटताना ऐकू आला.

सांडोरची वाट धरली तेव्हा रोझी पुढं होती, मागं वळून बघायची तिची छाती नव्हती. पास्कल कोट खांद्यावर टाकून चालत होता. मग मॅग्डलीनला राहवलं नाही.

"बाबा, मी थाप मारली. मी प्रोफेसर नाही."

"ते ऐकलं मी."

"आणि आता सर सही करणार नाहीत. तुम्ही त्यांना सगळ्यांसमोर..." तिला बापाचा अभिमानही वाटत होता आणि संतापही येत होता. मदत करायला निघालेल्या आपल्याच दोन माणसांनी आज तिला कोंडून टाकलं होतं.

पास्कल थांबला. केळीच्या पानावरची धूळ झटकावी तशी त्यानं वहीवरची धूळ झटकली.

"मार्सेलच्या आईला नाताळापर्यंत थांबायला सांगतो. त्याच्या पुढं मला विचारू नको. तिथवर तुझं नाव त्या यादीत धड आलं नाय, तर मी होकार देणार."

सहा महिने. सुटका नव्हती ही. तिनं मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"उद्या तो राज्यघटनेचा तास किती वाजता?"

"आठला."

"साहेबांचा ना?"

"साहेबांचा."

"मंग तू पावणेआठला जा आणि पोरांच्यात शेवटच्या बाकावर बस," पास्कल म्हणाला, आणि वही कोटाच्या आतल्या खिशात घालून त्यानं वरून बटण लावलं. "ही घरी राहू दे."