खिळ्यावरची चिठ्ठी

सयाजी मुकादमाला वाचता येत होतं, आणि त्याचा त्याला भारी ताठा होता. पलटणीत शिकलेलं अक्षर. सांगलीच्या त्या ओतशाळेत उसाच्या चरकाचे लोखंडी रूळ ओतायचे. दोनशे माणूस कामाला, पण कागद हातात धरून वाचणारे मुकादम दोनच. दिवसपाळीचा सयाजी आणि रातपाळीचा जोतिबा. बाकीच्यांचा अंगठा.

रातपाळीचं काम साचे वाळवायचं. मातीचे साचे भट्टीच्या खोलीत रांगेनं लावायचे, रात्रभर कोळसा घालायचा, सकाळी दिवसपाळीनं त्यात तापलेलं लोखंड ओतायचं. कुठला साचा वाळला, कुठला राहिला, ते जोतिबा उजाडता उजाडता चिठ्ठीवर लिही आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवी. सयाजीनं ती काढायची, वाचायची आणि लोखंडाची उभी भट्टी पेटवताना पहिल्या जाळात टाकायची. वाचलेली चिठ्ठी ठेवायची नाही, असा तिथला रिवाज. काल कुठला साचा ओला होता ते आज कुणी वाचलं तर घोटाळाच.

त्या वर्षी, म्हणजे लढाई चालू होती तेव्हा, दिवाळीच्या आधीपासून सयाजीला जवळचं दिसेना. लांबचं सगळं दिसायचं. भट्टीतल्या लोखंडाचा रंग वीस हातांवरून ओळखायचा तो. पण चिठ्ठी हातात घेतली की अक्षरं मुंग्यांगत पसरायची. चाळिशी लावली तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं ते त्याच्या मिशीचं. डोळं गेलेल्याला मालक भट्टीपुढं उभा करील का, ही एक धास्ती. आणि बायका हसतील, ही दुसरी. माती चाळणारी साळूबाई तर कुणाला सोडायची नाही.

मग त्यानं एक युक्ती काढली. चिठ्ठी काढायची, भुवया जवळ घेऊन जरा वेळ बघायची, आणि सहज विचारल्यागत जोतिबाला म्हणायचं, "काय रं गड्या, रात कशी गेली?"

जोतिबा भोळा. घरी जाता जाता सगळं तोंडानं सांगायचा. "चांगली गेली. पयल्या रांगंतला कोपऱ्यातला तेवढा ऱ्हाऊ दे." झालं. चिठ्ठी जाळात. तीन महिने असंच चाललं, आणि चालतंय ते चालतंच, असं माणसाला वाटतं.

त्या दिवशी जोतिबा दारात नव्हता. अंगात ताप भरला म्हणून पाळी सुटायच्या आधीच घरी गेला होता. खिळ्याला चिठ्ठी होती. सयाजीनं काढली, भुवया जवळ घेतल्या. मुंग्या. एवढ्यात मालक लालासाहेबांचं बोलावणं आलं: आज अठरा रूळ पाहिजेतच. चिठ्ठी जाळात जायची ती कोपरीच्या खिशात गेली.

परत आल्यावर तो साच्यांच्या रांगेतून फिरला. हात लावून बघितला. वरून कोरडे, कोमट. तिसऱ्या रांगेवरही हात फिरवला. भाकरी वरून भाजली म्हणजे आतून शिजली असं कुठली बाई म्हणंल? पण हा पुरुष माणूस. म्हणाला, "वाळल्यात. घ्या."

तापलेलं लोखंड पळीतून ओतायचं, आणि पळीच्या दोन दांड्यांना दोघं धरायचे. पुढच्या दांडीला जतकडचा बिराप्पा होता. धनगराचा, लांब हातांचा, बोलायला थोडा. दोन रांगा बरोबर भरल्या. तिसऱ्या रांगेतल्या पहिल्या साच्यात धार पडली आणि आतल्या ओलीची एकदम वाफ झाली. कोंडलेली वाफ वाट शोधते. तापलेलं लोखंड साच्यातून उलटं उसळलं आणि पुढं होता तो बिराप्पा.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यानं जीव सोडला. त्याची माणसं जतहून आली, घेऊन गेली. बायको ओरडली नाही. ती नुसती कारखान्याच्या दाराकडं बघत बैलगाडीत बसली.

सयाजी कामावर जात होता, येत होता. जेवायला बसला की जेवायचा. पुन्हा भाकरी वाढली तर तीही खायची, नाही वाढली तर उठायचा. पोटात काही होतंय असं त्याला वाटेना. त्याचंच त्याला नवल वाटायचं, आणि तेही फार वेळ टिकायचं नाही.

चौथ्या दिवशी बायको अंबूबाई कोपरी धुवायला घेऊन बसली. खिशात हात घातला तर कागद.

"आवं, ह्यो कसला कागुद? भिजला असता की."

त्यानं घेतला. ओसरीवरून अंगणात आला. उन्हात उभा राहिला आणि कोणी बघत नाही म्हणून हात लांब केला, पुरता लांब, लांबच्या धारेखाली घागर धरावी तसा. अक्षरं एकेक करून जागेवर बसली.

'कोळसा ओला आला. तिसरी रांग वरून वाळली, आत ओली. आज ओतू नये. उद्या परत भट्टीत. – जोतिबा.'

हात लांब करायचा होता. एवढंच. खिळ्याजवळ उभं राहून चार माणसांपुढं हात लांब करायचा होता.

"काय लिवलंय?" अंबूबाईनं विचारलं.

"कामाचं हाय."

"मग वाचून झालं असंल तर चुलीत टाकते. तुमचा रिवाजच हाय न्हवं?"

त्यानं कागद दिला नाही. अंबूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि पुन्हा धुण्याला लागली. त्या बाईला सगळं कळायचं. कळलं की ती धुणं जोरानं आपटायची.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी दोघांना कचेरीत बोलावलं. जोतिबा तापातून उठलेला, घोंगडी पांघरून आला. भिंतीला टेकून उभा राहिला.

"तिसरी रांग ओली होती. हे लिहून ठेवायचं काम तुझं. चिठ्ठी लिहिलीस?"

"लिवली असंल मालक."

"असंल म्हणजे?"

"अंगात लय ताप हुता. लिवायला बसलो ते ध्यानात हाय. खिळ्याला अडकावली का न्हाई... न्हाई आठवत." त्यानं सयाजीकडं बघितलं. "सयाजीनं चिठ्ठी बघितली असती तर त्यो ओतंल का? आं? त्यो लई जपणारा माणूस. म्हंजी माझीच ऱ्हायली असंल. बिराप्पा माझ्यापायी गेला, मालक."

लालासाहेबांनी दौत पुढं ओढली. जोतिबाला उद्यापासून यायचं नाही, असं ते लिहिणार होते. सयाजीला काही बोलायची गरज नव्हती. नुसतं उभं राहायचं होतं, आणि ते त्याला चार दिवस चांगलं जमत होतं.

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली.

"खिळ्यालाच हुती."

लालासाहेबांनी दौत बाजूला सारली. म्हणाले, "वाच."

सयाजीनं हात लांब केला. अजून लांब. मान मागं घेतली. दारात कारकून उभा होता, माती चाळायच्या बायका खिडकीशी आलेल्या होत्या, साळूबाई सगळ्यांत पुढं. तशा अवस्थेत, पोरगं चित्र दाखवतं तसा कागद धरून, त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. खाली जोतिबाचं नाव होतं, तेही वाचलं.

साळूबाई हसली नाही. हसली असती तर बरं, असं त्याला वाटलं. निदान काहीतरी वाटलं असतं.

जोतिबा भिंतीपासून सुटा झाला. "अरं मर्दा," तो म्हणाला, "दिसत न्हवतं तर मला बोलायचं की रं. रोज सांगतच हुतो तुला."

"व्हय," सयाजी म्हणाला. "सांगत हुतास."

सयाजीची मुकादमी गेली. कामावर ठेवला, माती चाळायला, बायकांच्या रांगेत. दिवसपाळीवर तात्याबा म्हणून नवा मुकादम आला, आणि मालकांनी रिवाज बदलला. आता चिठ्ठी जाळात टाकण्याआधी सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचायची.

रोज सकाळी तात्याबा खिळ्यावरची चिठ्ठी काढतो. चाळण्या थांबतात. सयाजीही थांबतो. रांगा मोजतो, पहिली, दुसरी, आणि तिसरी आली की चाळणीच्या कडेवरचे हात आपोआप लांब होतात. माती सांडते.

"आवं मुकादम," साळूबाई हळूच म्हणते, "चाळण सरळ धरा."

तो सरळ धरतो.