कैफच्या बेकरीचं छप्पर

माझा धाकटा भाऊ कुणाल आणि त्याचा मित्र कैफ यांनी माइनक्राफ्ट या कॉम्प्युटरवरच्या खेळात ठोकळ्यांनी आमचं कुंडल गाव बांधलं होतं. शेतं कुणालची, पेठ कैफची. कैफ शिकायला पुण्याला गेला. त्याच्याकडे खेळाची नवी आवृत्ती, आमच्याकडे जुनी. आवृत्ती एक नसली की एका जगात जाता येत नाही. रविवारी दोघं पुन्हा खेळणार होते, म्हणून कुणालनं बॅकअप न घेताच सगळं जग नव्या आवृत्तीत बदलायला लावलं. मध्येच लाईट गेली. नंतर पाहतो तर पेठेच्या जागी गवताची टेकडी, कडा सुरीनं कापल्यासारख्या सरळ.

कैफची थोरली बहीण शिफा साताऱ्यात राहते, बीएस्सीला माझ्या वर्गात होती. त्या जगाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही तिच्याकडे गेलो.

"त्या टेकडीवर किती वेळा गेलास?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"दोनदा. बघायला गेलतो नुसतं."

"शहाणाच आहेस. तू गेलास की खेळ तिथं नवी जमीन तयार करतो आणि सेव्ह करतो. तीही जुन्या पेठेच्या उरावर."

कुणालचा चेहरा उतरला. "कैफ मला हाणतोय आता, शिफादीदी."

"आधी मी."

तिनं फाइलची प्रत काढली आणि मूळ फाइल बाजूला ठेवली. जमीन सोळा बाय सोळा ठोकळ्यांच्या तुकड्यांत साठवतात. त्याला चंक म्हणतात. कुठला चंक फाइलमध्ये कुठं आहे, याची अनुक्रमणिका सुरुवातीला असते. लाईट गेली तेव्हा तिथल्या पेठेच्या नोंदी शून्य झाल्या होत्या. नोंद नाही म्हणजे चंकच नाही, असं खेळानं धरलं.

"पण मजकूर बहुतेक जागेवरच असेल," शिफा म्हणाली, "आणि प्रत्येक चंक स्वतःचा पत्ता स्वतःच्या आत बाळगतो."

तिनं फाइल सुरुवातीपासून चाळणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. चंक सापडेल तसा उलगडायचा, आतला पत्ता वाचायचा, अनुक्रमणिकेत पुन्हा नोंदवायचा. काही चंक जुन्या आवृत्तीचे निघाले. ते उघडताना खेळ स्वतःच बदलून घेतो. हे सगळं ती चहा पीत करत होती. मी नुसती बघत राहिले.

पेठ परत आली. फक्त कैफच्या बेकरीचा चंक टेकडीखाली दबला होता.

"थांब," शिफा म्हणाली. चंक पुन्हा सेव्ह होताना दुसऱ्या जागी लिहिला जातो. जुनी प्रत, तिच्यावर काही येईपर्यंत, पडून राहते. तशी एक सापडली, बेकरी अर्धवट असतानाची. भिंती होत्या, छप्पर नव्हतं. दारात कैफनं लावलेली पाटी: 'कुणाल, हात लावू नको.'

रविवारी कुणालशी फोनवर बोलत कैफ खेळात आला तो थेट बेकरीकडे.

"छप्पर कुठं हाय रं?"

कुणालनं सगळं सांगितलं. कैफ दारातल्या पाटीपाशी जाऊन थांबला.

"पाटी वाचलीस न्हवं?"

"व्हय."

"काढ ती. आन् लाकूड आण, गड्या."