शंकरा-पाळी

यशोधराने डबा हलवला आणि चिठ्ठ्या टेबलावर ओतल्या. बारा चिठ्ठ्या, सहा जोड्या. प्रत्येक जोडीचं नाव तिनेच जुळवलं होतं, अर्धा राग आणि अर्धा पदार्थ, आणि मधोमध कापलं होतं. एकीला 'मेथी' आली की तिने 'मल्हार' शोधायचा. 'पुरी-या'वालीला 'धनाश्री' मिळाली की दोघींनी पुऱ्या तळायच्या. नावात दडलेला पदार्थच करायचा, हा नियमही तिचाच.

लोणावळ्यातल्या त्या महिला मंडळात बुद्धविहाराजवळच्या वस्तीतून आलेली ती पहिलीच. दवाखान्यात नर्स होती, गाणं शिकलेली होती. नावं ऐकून बायका पोट धरधरून हसल्या. तिलाही बरं वाटलं.

तिच्या हाती 'शंकरा' आला.

"पाळी कुणाकडंय?" तिने हसत विचारलं.

जोड्या जमत गेल्या, शेगड्या पेटल्या. कोपऱ्यात राजेश्वरीबाई 'पाळी'ची चिठ्ठी मुठीत धरून उभ्या होत्या. सुदुंबऱ्याच्या पाटलांची लेक, वय पंचावन्न. त्यांनी आधी यशोधराकडे पाहिलं, मग मंडळाच्या सचिव अनिताकडे.

"मला न्हाई जमायचं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अडचण आलीया. अशात मी सैपाकाला शिवत न्हाई."

यशोधराचं हसू विरलं. तीन वर्षांपूर्वी राजेश्वरीबाईंची पाळी कायमची थांबली, तेव्हा त्यांचा केसपेपर तिनेच भरला होता. धीरही तिनेच दिला होता. दवाखान्यातली गोष्ट बाहेर बोलायची नसते.

"मी एकटी करते," ती अनिताला म्हणाली.

"नुसत्या शंकऱ्यात पदार्थच नाही हो," अनिता कागदाकडे बघत म्हणाली. "नियमात बसायला हवं ना. असं करू, तुम्ही परीक्षक व्हा. सगळ्यांचं चाखा."

फळ्यावरून शंकरा पुसला गेला.

तासाभराने यशोधरा कागद घेऊन टेबलाटेबलाने फिरली. प्रत्येक पदार्थाचा एक घास घेतला, विचार करून गुण लिहिले. 'मेथी-मल्हार'च्या टेबलाशी दोघींऐवजी तिघी होत्या. तिसरीचे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते. तिने ते पदरात झाकायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता.

ठेपला मऊसूत झाला होता, चवीला नेमका. यशोधराने तो सावकाश चावून संपवला आणि कागदावर लिहिलं, दहापैकी नऊ.

"एक का कापला, बाई?" राजेश्वरीबाईंनी खाली बघतच विचारलं.

"मीठ कमी पडलं," यशोधरा म्हणाली आणि पुढच्या टेबलाकडे वळली.

ती गेल्यावर राजेश्वरीबाईंनी ठेपल्याचा तुकडा तोडून तोंडात टाकला. मीठ बरोबर होतं. दुसरा तुकडा मात्र त्यांना घेववेना.