खोक्यावरचे बारीक अक्षर

याओकाकांना हृदयविकाराचा पहिला झटका आला तेव्हा मी 'हो' नावाच्या शहरातल्या इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून नवीनच लागले होते. त्या दिवशी बाहेर चाळीस माणसं ताटकळत बसली होती. काका घरी निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोला, अकोर्फामावशींना, मी एवढंच सांगितलं, "बटर बंद. ब्रेडला मार्जरीन लावा."

मावशी आमच्याच गल्लीतल्या. मातीच्या भट्टीत ब्रेड भाजून विकायच्या. त्यांनी माझा शब्द प्रमाण मानला. काकांना परदेशी बटरचं भारी वेड, पण मावशींनी ते घरातून हद्दपार केलं.

दोन वर्षांनी काकांना दुसरा झटका आला. या वेळी हृदय निम्मंही काम करेना. मावशी माझ्यासमोर येऊन बसल्या आणि हिरिरीने म्हणाल्या, "सेलासी, बटरचं बोटसुद्धा चाटू दिलं नाही हो मी त्यांना. रोज सकाळ-संध्याकाळ मार्जरीनच."

"कुठलं मार्जरीन, मावशी?"

"कुठलं म्हणजे? भट्टीवरचं! पंधरा किलोचं खोकं असतं ना, त्यातलंच. वेगळं कशाला आणायचं?"

मी म्हटलं, "उद्या खोक्याचा छापील भाग फाडून आणाल?"

त्यांनी पुठ्ठा आणला. समोर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त' आणि लाल बदाम. मावशी त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे बघ. हृदय काढलंय."

"वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, मावशी. ते छापून काही विशेष सांगितलं असं होत नाही." मी पुठ्ठा उलटा केला. घटकांच्या यादीत पहिलंच नाव होतं 'अंशतः हायड्रोजनेटेड वनस्पती तेल'. खाली तक्त्यात दहा ग्रॅमचे आकडे: संपृक्त चरबी चार ग्रॅम, ट्रान्स फॅट शून्य पूर्णांक सहा. इवलेसे आकडे. शंभर ग्रॅमचा हिशेब मांडला तर चाळीस आणि सहा.

"आणि बटरमध्ये?"

खोटं बोलावं असं एकदा वाटलं. "संपृक्त पन्नासच्या आसपास. ट्रान्स तीनेक."

"म्हणजे ही ट्रान्स वाईट?"

"सगळ्यांत वाईट. तेल हायड्रोजनेटेड, म्हणजे घट्ट, करताना तयार होते."

मी कपाटातून मऊ मार्जरीनचा रिकामा डबा काढून दाखवला. यादीत पाणी आणि साधं तेल, शंभर ग्रॅममध्ये संपृक्त तेरा, ट्रान्स शून्य. "मला हे म्हणायचं होतं. पण मी म्हटलं नाही. चूक माझी."

मावशींनी पुठ्ठा पुन्हा उलटा करून लाल बदाम वर केला. मग म्हणाल्या, "त्यांना वाटायचं कमी लावतेय मी. 'कंजूष बाई, अजून लाव' म्हणायचे. आणि मी लावायची गं. जाड थर लावायची."

"मावशी, नुसत्या त्यानेच झालं असं कोणी डॉक्टरही सांगणार नाही. काकांना रक्तदाब होता, सिगारेटी होत्या…"

"पण त्याने झालं नाही, असंही कोणी सांगणार नाही ना?"

मी मऊ मार्जरीनचा डबा त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर मावशींनी काकांना मऊ डब्यातलं लावायला सुरुवात केली, तेही पातळ, खरवडून. शिवाय हट्टाने तेच ब्रेडच्या पिठातही घातलं. कणीक चिकट, सैल झाली, पाव बसके निघाले. मी सांगितलं, "या डब्यात निम्म्याहून जास्त पाणीच आहे, मावशी. 'चरबी चाळीस टक्के' लिहिलंय बघा. भट्टीला ऐंशी टक्क्यांचं लागतं."

"मग लोकांना विष घालू?"

"हायड्रोजनेटेड नसलेलंही खोकं मिळतं. पामतेलाचं. संपृक्त त्यातही बरंच असतं, पण ट्रान्स नसते."

ते महाग होतं. मावशींनी तेच घेतलं आणि पाव लहान केला. गिऱ्हाईकं कुरकुरली, काही समोरच्या भट्टीकडे गेली.

काका पायांवर सूज घेऊन चार महिने अंगणात खुर्चीत बसून राहिले. त्यांना यातलं काही सांगितलं नव्हतं. एकदा मी भेटायला गेले, तर हसून म्हणाले, "ए पोरी, तुझ्यामुळे बटर सुटलं माझं. नाहीतर केव्हाच गेलो असतो." मावशी माझ्याकडे न बघता आत निघून गेल्या.

काका पावसाळ्यापूर्वी गेले.

अंत्यविधीनंतर आठवड्याभराने मावशींनी भट्टी पेटवली. आता नवीन खोकं आलं की त्या आधी ते उलटं करतात, बोटाने एकेक ओळ वाचतात. मी पाव घ्यायला जाते. त्या पाव कागदात गुंडाळून देतात, पैसे घेतात. पूर्वी "जेवलीस का गं?" विचारायच्या. आता नाही विचारत.