लाल दिव्यावरची टिकली

बोरिवलीच्या त्या सोनोग्राफी सेंटरमध्ये कीबोर्ड बिनसेलचा झाला, तेव्हा सुगंधाची बोटं बिघडली.

म्हणजे सौरभचं तरी तसं म्हणणं होतं. सौरभ हा डॉ. शर्मिष्ठा मॅडमचा भाचा. एमबीए करून आला आणि मावशीच्या दोन खोल्यांच्या सेंटरचा 'ऑपरेशन्स हेड' झाला. ऑपरेशन इथे एकही होत नसे, पण हुद्दा भारदस्त होता. आल्या आल्या त्याने टेबलाटेबलावर लॅमिनेट केलेली सर्क्युलरं चिकटवली. संध्याकाळी निघताना मेन स्विच बंद करावा, हे पहिलं, कारण शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे शॉर्टसर्किट झालं होतं. टाकाऊ सेलचा कचरा करू नये, हे दुसरं. त्या दुसऱ्यापायी सुगंधाचा जुना, दोन पेन्सिल सेलवर चालणारा कीबोर्ड ड्रॉवरमध्ये गेला आणि आतच बॅटरी असलेला एक सडपातळ, चकचकीत कीबोर्ड तिच्यापुढे आला.

"सेल म्हणजे अश्मयुग, सुगंधाताई," सौरभ म्हणाला. "हा रोज रात्री रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला लावायचा. सकाळी फुल्ल!"

सुगंधाचं काम ऐकायला सोपं होतं. मॅडम अंधाऱ्या खोलीत पेशंटच्या पोटावर प्रोब फिरवत आकडे बोलत, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर सुगंधा ते टाइप करी. किडनी एवढी, खडा तेवढा. वर्षानुवर्षं मॅडमचं वाक्य संपायच्या आत तिचं संपत आलं होतं. नव्या कीबोर्डच्या अक्षरांखाली उजेड होता, तोही तिला आवडला. फक्त कोपऱ्यातला एक बारीक दिवा पुढे पुढे अंधारात लाल लुकलुकू लागला आणि मॅडम वैतागल्या. "सुगंधा, ते काहीतरी कर गं, माझ्या डोळ्यात येतंय." सुगंधाने कपाळावरची टिकली काढली आणि त्या दिव्यावर चिकटवली. काम फत्ते! दिव्याला बिचाऱ्याला काही सांगायचं असेल, अशी शंका घ्यायला तिथे वेळ कोणाला होता?

काही दिवसांनी अक्षरांखालचा उजेड गेला. सुगंधाने स्वतःची समजूत घातली, डोळ्यांना हल्ली कमी दिसतं. मग अक्षरं गळायला लागली. दोन चांगली उमटत, तिसरं गायब. ती मागे जाऊन दुरुस्त करी, तोवर मॅडम लिव्हरवरून पित्ताशयापर्यंत पोचलेल्या असत.

आणि एक दिवस बारा मिलिमीटरचा खडा रिपोर्टात दोन मिलिमीटरचा झाला. दोनचा खडा पाणी पिऊन पडतो, बाराच्यासाठी माणसाला टेबलावर घेतात. सही करताना मॅडमच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. त्या ओरडल्या नाहीत. "जरा विश्रांती घेत जा गं," एवढंच म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर सुगंधाला घरी जाऊन जेवता तरी आलं असतं.

सौरभला मात्र आनंदाचं भरतं आलं. त्याने बोलून टाइप करणारं सॉफ्टवेअर आधीच हेरून ठेवलं होतं. "सोमवारपासून मशीन ऐकेल, मशीन लिहील. सुगंधाताई बाहेर टोकन देतील. वयाचा मान ठेवायला नको का?"

वयाचा मान! सुगंधा घरी आली आणि जेवणाच्या टेबलावर दहाही बोटं पसरून बघत बसली. नवरा नंदकिशोर, जन्म मुंबईचा आणि जीभ मालवणची, बघत राहिला. "तुझ्या बोटांक काय धाड भरली गो?"

"मुंग्या येतात की काय, तेच बघतेय."

"मगाशी सुईत दोरा ओवलंस, तेव्हा नाय इले मुंगये?"

खरं होतं. दोरा पहिल्या फटक्यात ओवला होता, वाल सोलले होते, एक दाणा निसटला नव्हता. पण सेंटरमधला तो कीबोर्ड परदेशी होता, महागडा होता आणि बोटं नुसती सुगंधाची होती. तिने दोष द्यायला बोटं निवडली. आपलं काम हातातून जाणार, या भीतीने त्या रात्री तिला रडू आलं, आणि ते तिने भांड्यांच्या आवाजात उरकलं.

शनिवारी दोन पेशंटच्या मधल्या रिकाम्या वेळात सौरभ आत आला. मावशीची शेवटची खात्री पटवायची होती. "उठा ताई. टायपिंग काय असतं ते मी दाखवतो." त्याने बाह्या सावरल्या आणि स्वतःचा मोबाइल नंबर टाइप केला. स्क्रीनवर त्यातले सहाच आकडे आले. त्याने पुन्हा केला, या वेळी सात आले. मग तो बटणं ठोकू लागला.

"तुझीही बोटं थकली का रे?" मॅडमनी विचारलं.

"नेटवर्क असेल," सौरभ म्हणाला.

"कीबोर्डला नेटवर्क? चार्ज तरी आहे का तो?"

"मावशी, रोज रात्री लागतो! सर्क्युलर आहे."

सुगंधाच्या डोक्यात लख्खकन काहीतरी झालं. तिने वाकून नखाने टिकली उचकटली. खालचा लाल दिवा जिवाच्या आकांताने लुकलुकत होता.

"हा मी झाकला. ही माझी चूक, मॅडम," ती म्हणाली. "पण सौरभ सर, रात्री हा रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला लागतो, बरोबर? आणि मग लगेच मी मेन स्विच बंद करते. तेही तुमचंच सर्क्युलर. मग रात्रभर याला करंट कुठून येणार?"

इतके दिवस रोज रात्री कीबोर्ड मेलेल्या वायरला तोंड लावून उपाशी झोपत होता. मेन स्विच पडेपर्यंत जे चार घास मिळत, त्यावर दुसरा दिवस ढकलत होता.

"म्हणजे टेक्निकली प्रॉडक्टमध्ये प्रॉब्लेम नाहीये," सौरभ म्हणाला. "वायर लावून वापरता येईल आत्ताही."

"लाव मग."

वायर आली. कॉम्प्युटरचा डबा पलंगापलीकडे होता, त्यामुळे ती पेशंटच्या पलंगावरून ताणावी लागत होती. बाहेर पुढचा पेशंट भरल्या ब्लॅडरने येरझाऱ्या घालत होता. सुगंधाने ड्रॉवर उघडला. जुना कीबोर्ड काढला, पाठीवरचं झाकण सरकवलं. सेल नव्हते, पण कॉम्प्युटरला लावायचा इवलासा रिसीव्हर आपल्या खाचेत तसाच होता. तिने इकडेतिकडे पाहिलं, एसीचा रिमोट उचलला आणि त्याचे दोन्ही सेल काढले.

"पाठवा आत," ती म्हणाली.

मॅडम बोलू लागल्या. आधी सावकाश, मग नेहमीच्या वेगाने, मग मुद्दाम त्याहून भरभर. सुगंधाच्या बोटांखालून एकही आकडा निसटला नाही. आपल्या बोटांवर आपण एका लाल ठिपक्याएवढाही विश्वास ठेवला नाही, याचा तिला असा राग आला की डोळे भरले. अंधार होता, बरं झालं.

पेशंट गेल्यावर मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि एकही खूण न करता सही केली. "सौरभ, सोमवारी टोकन तू देशील का?"

सौरभ हाताची घडी घालून कुडकुडत होता. रिमोट रिकामा असल्यामुळे एसी अठरावर अडकला होता. त्याने तेवढ्यातही मोबाइलवर नवं सर्क्युलर लिहायला घेतलं होतं: कोणीही उपकरणांवर सौंदर्यप्रसाधनं चिकटवू नयेत.

"ते नंतर लिहा, सर," सुगंधा म्हणाली आणि टिकली पुन्हा कपाळावर दाबून बसवली. "आधी खाली जाऊन सेल घेऊन या. दोन एसीला, दोन माझ्या ड्रॉवरला."

अश्मयुगातल्या त्या वस्तू आणायला ऑपरेशन्स हेड स्वतः जिना उतरून गेले.